आठ जण, सहा ते अठ्ठ्याहत्तर वयाचे: पत्त्यांचा कोणता डाव?

शमिका_प: दिवाळीत घरी आठ जण असतील. आजी अठ्ठ्याहत्तरची, धाकटी सहा वर्षांची, मधे कॉलेजवाले. मेंढीकोटात तेच तेच जिंकतात. नशीब जास्त आणि डोकं कमी लागेल असा डाव सुचवा.

कोकणकडा: भिकार-सावकार. वरच्या पानाशी जुळणारं पान पडलं की ढीग उचलायचा. निवड करायचीच नसते, त्यामुळे सगळे सारखे.

पानसुपारी: निवडच नाही म्हणून तर तो नको. पान उलटण्यापलीकडे पोरांच्या हातात काही उरत नाही. शिवाय ज्याची पानं संपली तो बाहेर, आणि बाकीच्यांचा डाव तासभर लांबतो. बदाम सात लावा.

राजाराणी२१: बदाम सात नशिबाचा? माझ्याकडे किलवरची सत्ती आली आणि किलवरची बाकी पानं नसली, तर मी ती दाबून ठेवते. सगळं किलवर अडतं. लहानांना हे जमत नाही.

पानसुपारी: चौघांत खरं आहे. प्रत्येकाला तेरा पानं येतात, म्हणून दुसरं काहीतरी लावत सत्ती बराच वेळ राखता येते. आठ जणांत चौघांना सात आणि चौघांना सहाच पानं येतात. लागणारं पान हातात असेल तर लावलंच पाहिजे, पास म्हणायचं नाही, हा नियम पाळलात तर एकदोन फेऱ्यांत सत्ती सोडावीच लागते. दोन कॅट घेतले तर दुसरी सत्ती बहुधा भलत्याच्याच हातात असते, मग अडवणं आणखी अवघड. पण तेव्हा प्रत्येकी तेरा पानं होतात आणि सहा वर्षांच्या हातात ती मावत नाहीत. मी एकच कॅट घेईन.

नाशिककर_मामा: आमच्याकडे रमीच. जोकर आला की कोणीही जिंकतो.

शमिका_प: मामा, धाकटीला अजून सिक्वेन्स लावता येत नाही.

सई_सांगते: गुलाम चोर राहिलाच! एक गुलाम काढून ठेवायचा, जोड्या टाकायच्या, शेजाऱ्याचं पान न बघता ओढायचं. हरणारा एकच, बाकी सात सुटतात. पूर्ण नशीब.

पानसुपारी: पूर्ण नाही. लहान मूल गुलाम जरा वर काढून धरतं, तुम्ही त्याला हात लावला की डोळे चमकतात. कॉलेजवाले ते ओळखून शेजारचं पान ओढतात. ओढायच्या आधी पानं पिसून जमिनीवर पालथी मांडायला लावा. मग गुलाम कुठे आहे ते मांडणाऱ्यालाही माहीत नसतं.

राजाराणी२१: पण चेहरा वाचण्यातच गुलाम चोरची गंमत आहे. ती काढून टाकलीत तर भिकार-सावकारच झालं की.

पानसुपारी: पान निवडून ओढायचं तरी राहतं, आणि सहा वर्षांच्या पोरीला तेवढं पुरतं. चेहरे वाचायचे असतील तर ती झोपल्यावर एक डाव हातात धरून खेळा.

शमिका_प: आजीला खाली वाकता येत नाही, म्हणून टेबलावर मांडू. बदाम सातात उरलेल्या पानांचे गुण लिहायचे का?

कोकणकडा: लिहा, नाहीतर चुरस येत नाही.

पानसुपारी: नका लिहू. बेरीज लांबत गेली की पानं राखणाराच शेवटी पुढे जातो. प्रत्येक डाव वेगळा धरा.