मदत हवी आहे: 'गेटची कडी' शोधलं की तुळशीची कुंडी येते (स्प्लेड, मराठी नोटिसा)

घोडबंदरकर:
आमच्या ठाण्यातल्या गृहसंकुलाच्या जुन्या नोटिसा आणि तक्रारींसाठी सर्च करतोय. साधारण सहा हजार तुकडे, बहुतेक मराठी. नुसत्या बीएम२५ वर, म्हणजे शब्दाला शब्द जुळवणाऱ्या शोधावर, 'गळती' टाकलं की 'भिंतीला ओल आली, पाणी झिरपतंय' ही तक्रार सापडत नाही, कारण त्यात 'गळती' हा शब्दच नाही. म्हणून स्प्लेड घेतलं, ते मॉडेल मजकुराला जवळच्या अर्थाचे शब्द वजनासकट जोडतं. `bert-base-multilingual-uncased` वर, भाषांतरित प्रश्न-उत्तरांच्या जोड्या वापरून ट्रेन केलं. इंडेक्स उलटाच आहे, म्हणजे प्रत्येक शब्दाखाली तो कुठल्या तुकड्यांत आहे त्याची पोस्टिंग लिस्ट, फक्त पोस्टिंगमध्ये शब्द किती वेळा आला याऐवजी मॉडेलने दिलेलं वजन, पूर्णांक करून.

इंग्रजी नोटिसांवर झकास चालतं. मराठीत 'गेटची कडी तुटली' टाकलं तर पहिल्या पाचात 'गच्चीवरील तुळशीची कुंडी हलवावी' आणि जमिनीच्या गट क्रमांकाचं पत्र! मॉडेल नको ते शब्द जोडतंय का? वॉचमन रोज विचारतो, कडी कधी बसणार म्हणून. सर्च त्याला कुंडी दाखवतंय.

महापेवाला:
आमच्याकडे पण स्प्लेडने रडवलं होतं. क्वेरी मारली की चहा पिऊन या. क्वेरीचा विस्तार बंद करा, फक्त डॉक्युमेंटचा ठेवा. क्वेरीतले तीन शब्द वाढून तीस झाले की तितक्या पोस्टिंग लिस्ट उघडायला लागतात.

घोडबंदरकर:
वेग ठीक आहे हो, सहा हजारच तुकडे आहेत. उत्तरं चुकताहेत. तरी बंद करून पाहिलं, कुंडी हटत नाही.

उलटी_अनुक्रमणिका:
मग दोष विस्ताराचा नाही, त्याच्याही आधीचा आहे. अनकेस्ड मॉडेलचा टोकनायझर, म्हणजे शब्दांचे तुकडे पाडून मॉडेलला देणारा भाग, अक्षरं लहान करताना 'अ‍ॅक्सेंट' पण पुसतो. म्हणजे युनिकोडमध्ये ज्यांचा वर्ग `Mn` आहे ती सगळी चिन्हं. आपला उकार, एक मात्रा, अनुस्वार, हलन्त त्यातच मोडतात. काना आणि वेलांटी `Mc`, म्हणून वाचतात. हे चालवा:

```python
import unicodedata as u
for w in ["कुंडी", "कडी", "गेट", "गट"]:
    n = u.normalize("NFD", w)
    print(w, "".join(c for c in n if u.category(c) != "Mn"))
```

घोडबंदरकर:
कुंडी → कडी. गेट → गट. डोक्याला हात लावला. म्हणजे मॉडेलपर्यंत कुंडी पोचतच नव्हती.

सानपाडा_एक्स्प्रेस:
सोपं आहे, टोकनायझरला `strip_accents=False` द्या. पाच मिनिटांचं काम.

उलटी_अनुक्रमणिका:
रोग बरोबर, औषध चुकीचं. त्या मॉडेलची शब्दयादीच मात्रा पुसलेल्या मजकुरावरून बनलीय. आता 'कुंडी' जशीच्या तशी दिली तर तिचे तुकडे यादीत सापडणार नाहीत आणि अख्खा शब्द `[UNK]` होईल. सगळे अनोळखी शब्द मग एकाच पोस्टिंग लिस्टमध्ये जाऊन बसतील. `bert-base-multilingual-cased` घेऊन पुन्हा ट्रेन करा.

घोडबंदरकर:
केलं. पहिल्या खेपेला काहीच फरक नाही! जुन्या कॉन्फिगमधलं `do_lower_case=True` तसंच राहिलं होतं, त्यामुळे केस्ड मॉडेललाही मात्रा पुसूनच मिळत होत्या. ते `False` करून परत ट्रेन केलं. आता कडीला कडी येते, गट क्रमांक गायब.

पण मूळ दुखणं तिथंच. ओलीच्या तक्रारीला काय जोडलं ते वजनासकट छापून पाहिलं. 'पाणी' वर आहे, पण 'गळती' नाही, त्याऐवजी दोन-दोन अक्षरांचे तुकडे. तेच तुकडे भलत्याच नोटिसांनाही चिकटलेत.

उलटी_अनुक्रमणिका:
ती मर्यादा स्प्लेडचीच. ते फक्त स्वतःच्या यादीतली टोकनं जोडू शकतं. 'गळती' तिथं अख्खी नसेल, तर तिचे तुकडे सुटे सुटे जोडले जातात, आणि उलट्या इंडेक्सला ते शेजारी होते की नाही हे कळत नाही. इंग्रजीत रोजचे शब्द बहुतेक अख्खे असतात, म्हणून तिथं झाकून जातं.

मी असतो तर या डेटाला डॉक-टू-क्वेरी लावलं असतं. एमटी५ या मजकूर लिहिणाऱ्या मॉडेलला मराठी येतं. प्रत्येक तक्रारीवर लोक काय विचारतील असे प्रश्न त्याच्याकडून लिहून घ्यायचे, तक्रारीखाली चिकटवायचे आणि वर साधं बीएम२५. प्रश्नात 'गळती' आली तर अख्खी येते.

महापेवाला:
त्यात भलते प्रश्न पण येतात हां. आमच्या पार्किंगच्या नोटिशीखाली लग्नाच्या हॉलचं भाडं आलं होतं.

उलटी_अनुक्रमणिका:
येतात. प्रश्न आणि तक्रार जुळते का ते दुसऱ्या मॉडेलने तपासून, तळाचे फेकून द्यायचे. किती फेकायचे ते डेटा बघून.

घोडबंदरकर:
दोनशे तक्रारींवर करून बघतो. एक शंका राहतेच: 'गळती', 'गळतीची', 'गळतीमुळे' हे बीएम२५ ला तीन वेगळे शब्द. प्रत्यय कापणारं मराठीसाठी काही वापरलंय का कोणी, जे 'कडीची'चं काहीतरी भलतं करत नाही?