‘जोत्याचा हप्ता’ म्हणजे जोत्यासाठीचा की जोत्यानंतरचा?

अनुवादिनी : आमच्या तालुक्यातील एका सहकारी बँकेचे माहितीपत्रक मी मराठीत करीत आहे. स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्यांना मिळणारे कर्ज जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा आणि अंतिम काम अशा टप्प्यांनी दिले जाते. मी ‘जोत्याचा हप्ता’, ‘स्लॅबचा हप्ता’ असे लिहिले. शाखेतील एका अधिकाऱ्यांनी त्यावर हरकत घेतली. हप्ता म्हणजे कर्जदाराने भरायची रक्कम असते, बँकेने द्यायची नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या माहेरी मात्र घरकुल मंजूर झालेली माणसे ‘पहिला हप्ता आला’ असेच म्हणतात. मग योग्य शब्द कोणता?

शुद्धमती : अधिकाऱ्यांचे बरोबर आहे, पण कारण चुकीचे आहे. मुळात हप्ता हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ सात दिवसांचा आठवडा असा आहे. त्याचा घरबांधणीशी काय संबंध? ‘टप्पानिहाय वितरण’ असे लिहावे.

बांधकरी : मग ‘टप्पा’ तरी कोणत्या ग्रंथातून आणलात? वितरण शिधावाटप दुकानात होते. माझ्या गवंड्याला ‘वितरण झाले’ असे सांगितले, तर तो रांग कुठे लागली आहे असे विचारील.

रोकडवही : मी पस्तीसहून अधिक वर्षे सहकारी बँकेत कर्ज विभागात काढली. आमच्याकडे यासाठी ‘उचल’ हा शब्द होता आणि आजही आहे. चोवीस लाख मंजूर, पैकी नऊ लाखांची उचल झाली, असे आम्ही लिहीत असू. मंजुरी आणि उचल यांत फरक असल्यामुळे व्याज फक्त उचलीवर लागते, हे एका शब्दात कळते. बँक देते त्या पैशाला ‘उचल’ आणि ग्राहक फेडतो त्या पैशाला ‘हप्ता’ अशी वाटणी करावी.

बांधकरी : काका, शब्द चांगला आहे, पण ऊसतोडीच्या पट्ट्यात उचल म्हणजे काम सुरू होण्याआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. त्या भागातला माणूस हे पत्रक वाचून पायाही न खणता बँकेत येऊन बसेल.

मोजमापे : हा आक्षेप महत्त्वाचा आहे, कारण खरी अडचण शब्दाच्या मुळात नसून ‘चा’ या प्रत्ययात आहे. मी बँकांसाठी मूल्यांकनाचे काम करतो. ‘जोत्याचा हप्ता’ हे शब्द ऐकून घरमालक समजतो की जोते बांधण्यासाठी पैसे मिळणार आहेत, तर बँकेला अभिप्रेत असते की जोते झाल्यावर पैसे मिळतील.

एक उदाहरण घ्या. अंदाजपत्रक 30 लाखांचे, कर्ज 24 लाखांचे आणि मालकाचा स्वतःचा वाटा 6 लाखांचा आहे. पुष्कळ बँका आधी स्वतःचा वाटा खर्च झालेला पाहतात. जोते झाल्यावर मी जागेवर जाऊन मोजमाप घेतले आणि एकूण कामाच्या 18 टक्के काम झाल्याचे लिहिले, तर त्याची किंमत 5 लाख 40 हजार होते. म्हणजे मालकाचा वाटाच अजून संपलेला नाही आणि ‘जोत्याचा हप्ता’ शून्य आहे. पुढे स्लॅब पडल्यावर 50 टक्के काम धरले, तर 15 लाखांतून 6 लाख वजा जाऊन 9 लाख मिळतात. मधल्या काळात 9 लाख 60 हजारांचे काम उभे करायचे असते आणि मालकाच्या खिशात उरलेले असतात 60 हजार. ठेकेदार थांबायला तयार नसेल, तर काम इथेच अडते. काही बँका म्हणूनच पहिली रक्कम पुढच्या टप्प्यासाठी आगाऊ देतात आणि नंतरची रक्कम आधीच्या पैशाचे काम दिसल्यावरच सोडतात. काही ठिकाणी प्रत्येक टप्प्यावर मालक आणि बँक यांचा वाटा सारख्याच प्रमाणात धरतात. आपली बँक यांपैकी काय करते, हे विचारल्याशिवाय कोणताही शब्द छापू नये.

अनुवादिनी : म्हणजे मी ज्याला शब्दाचा प्रश्न समजत होते, तो नियमाचा प्रश्न आहे. मी शाखेत विचारते.

चिरेबंदी : आमचे घर कुडाळजवळ जांभ्या चिऱ्याचे आहे. लिंटेलपर्यंत भिंती आल्या तेव्हा पावसाळा लागला. बँकेचे अभियंते चार महिने फिरकले नाहीत आणि अंगणात आणून टाकलेल्या चिऱ्यांची आणि सळईची किंमत नंतरही धरली नाही. मिळालेल्या रकमेवर व्याज मात्र दर महिन्याला कापले जात होते. घर पूर्ण व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागला, तर आयकराची सवलत जाते का?

रोकडवही : प्रश्न वेगळा आहे, तरी उत्तर देतो. ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतले, ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण झाले नाही, तर स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावरील जुन्या करप्रणालीतील वजावट 2 लाखांवरून 30 हजारांवर येते. व्याजाबद्दल म्हणाल, तर 9 लाखांची उचल आणि 9 टक्के दर असेल, तर ते महिन्याला 6,750 रुपये होते. ती मुद्दलाची फेड नव्हे, म्हणून मी त्यालाही हप्ता म्हणत नाही.

मोजमापे : चिरेबंदी, पडलेल्या मालाची किंमत आम्ही सहसा धरत नाही, कारण तो उचलून दुसरीकडे नेता येतो. भिंतीत बसलेला चिरा मोजता येतो. मात्र तुमच्या घरामुळे पत्रकातली दुसरी चूक माझ्या लक्षात आली. जोते, लिंटेल, स्लॅब हा क्रम भार पेलणाऱ्या भिंतींच्या घराचा आहे. हल्ली कॉलम आणि बीमचा सांगाडा आधी उभा राहतो, स्लॅब पडतो आणि भिंती नंतर भरल्या जातात. अशा घरात स्लॅब झाला तरी लिंटेल झालेले नसते, आणि शब्दाला शब्द पाहणारा अधिकारी ‘आधीचा टप्पा अपूर्ण’ असा शेरा मारून रक्कम अडवतो.

शुद्धमती : चर्चा शब्दाची आहे म्हणून विचारते. ‘जोते’ की ‘जोता’? माझ्या मते बैलांच्या जोताप्रमाणे घराला जमिनीशी जुंपते ते जोते.

बांधकरी : ही जुंपणी तुमचीच आहे! आमच्याकडे ‘जोता’ हेच चालते, आणि नगरपालिकेच्या एका दाखल्यावर मी ‘जोता तपासणी’ असे छापलेले पाहिले आहे.

रोकडवही : आमच्या कागदांवर नेहमी ‘जोते’ असे. दोन्ही राहू द्यावेत.

अनुवादिनी : शाखेकडून कळले की पद्धत मालकाचा वाटा आधी खर्च होण्याचीच आहे. मी असे लिहिले आहे : ‘जोते पूर्ण झाल्यावर, झालेल्या कामाच्या मूल्यांकनातून आपला वाटा वजा करून उरलेल्या रकमेची उचल करता येईल.’ सांगाड्याच्या घरांसाठी वेगळा क्रम द्यावा, हे त्यांना सुचवले, पण नमुना मुख्य कार्यालयाचा असल्याने तो बदलता येत नाही, असे उत्तर आले.

मोजमापे : वाक्य पुष्कळ सुधारले आहे. आता ‘पूर्ण’ या शब्दाकडे पाहा. जोत्याचा बीम ओतला की ठेकेदाराच्या मते जोते पूर्ण होते. आत भराव घालून, पाणी मारून, तो दाबून, वर काँक्रीटचा थर दिल्याशिवाय मी तसे लिहीत नाही.

बांधकरी : आणि तो भराव अंदाजपत्रकात कोणत्या रकान्यात धरला आहे, यावर आमचा ठेकेदार अजून भांडतो आहे.