चर्चा: भजनात डोळ्यांत येणारं पाणी भक्तीचं की लयीचं?

टाळकरी_नाशिकरोड: आमच्या भजनी मंडळात पावली खेळताना लय दुप्पट होते. पण रडू येतं ते गजर थांबून पसायदान सुरू झाल्यावर. दरवेळी, त्याच जागी. भाऊ म्हणतो, हा ठोक्यांचा परिणाम आहे, भक्तीचा यात संबंध नाही. ठरलेल्या जागी येणारं पाणी खरं मानायचं का? सप्तशृंगी गडावर अंगात येतं तो संचारही यातलाच का?

सातपूरकर: भाऊ बरोबर आहे. अँड्र्यू नेहर यांनी 1960च्या आसपास प्रयोगशाळेत ढोलाचे ठोके ऐकवून मेंदूच्या लहरी मोजल्या. सेकंदाला तीन ते आठ ठोके दिले की लहरी ठोक्याच्या मागे जातात असं त्यांना दिसलं. भान हरपण्याचं मूळ तिथे आहे. देवी कुठली, अभंग कोणाचा, याने काही फरक पडत नाही.

गोदाकाठ: नेहर यांच्या मांडणीला जिल्बेर रूजे यांनी 1980 साली दिलेलं उत्तरही वाचा. ते म्हणाले, हे खरं असतं तर अर्धी आफ्रिका वर्षभर भान हरपूनच राहिली असती. ढोल सगळ्यांच्या कानावर पडतो, पण अंगात येतं ते मोजक्यांच्या.

आता आपल्याकडचं हिशेबाने बघू. दुगुणीतली पावली मिनिटाला दीडशे टाळांची धरली, तरी सेकंदाला अडीचच ठोके झाले. म्हणजे नेहर यांच्या खालच्या टोकालाही आपण पोहोचत नाही. आणि धागाकर्त्याला रडू येतं ते पसायदानाला, जिथे ठोका जवळजवळ नसतोच.

रूजे यांचा त्याहून कामाचा मुद्दा असा की वाजवतो कोण ते आधी बघा. गोंधळात संबळ गोंधळी वाजवतो आणि वारं दुसऱ्याच्या अंगात येतं. गोंधळी भानावरच राहतो, कारण कुठे चढवायचं आणि कुठे थांबायचं हे त्याच्या हातात असतं. पावलीत मात्र टाळ ज्याच्या हातात, पायही त्याचेच आणि तोंडात नामही त्याच्याच. चुकला तर शेजारच्याचा पाय अंगावर येतो, त्यामुळे त्याला भान सोडता येत नाही. म्हणून वारकऱ्याचा आनंद आणि गडावरचा संचार मला एकाच खात्यात टाकता येत नाहीत.

सातपूरकर: टाळ अडीच, पण मृदंगाचे बोल मोजा. एका टाळेत दोन बोल धरले तरी सेकंदाला पाच होतात. पसायदानाचं म्हणाल तर अंग तापलेलं असताना लय एकदम उतरते आणि ताण सुटतो. अश्रुग्रंथी चालवणारी मज्जासंस्थेची बाजू विश्रांतीची आहे, धावपळीची नव्हे. पाणी चढावर न येता उतारावर येतं ते यामुळेच.

गोदाकाठ: उताराचं मान्य, तो मुद्दा मी सोडला होता. पण मग गजराशिवाय नुसतं पसायदान ऐकून डोळे भरणाऱ्या माणसाचं काय? तिथे उतार कुठून आला?

वणीरोड: हे सगळं अंधश्रद्धेत जातं ना? 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अंगात येणं बंद आहे. आमच्या मावशींच्या अंगात चैत्रात गडावर येतं. बोटं वाकडी होतात, ओठांना मुंग्या येतात. दवाखान्यात न्यावं का?

निवृत्त_परिचारिका: कायद्यात अंगात येण्यावर सरसकट बंदी नाही. संचार झाल्याचं भासवून भीती घालणं, 'ऐकलं नाहीस तर वाईट होईल' असं धमकावणं हा गुन्हा आहे. भजन, कीर्तन, यात्रा त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत.

बोटांचं सांगते. बसल्या जागी घुमताना श्वास भराभर चालतो, पण अंगाला तेवढं कष्ट नसतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मग ओठ-बोटं मुंग्यावतात आणि हात आखडतो. श्वास संथ झाला की काही मिनिटांत उतरतं. पावलीत हे कमी दिसतं, कारण उड्या मारणारं अंग तेवढाच वायू तयारही करतं.

चैत्रात खरी भीती उन्हाची. खानदेशातून पायी येणारी माणसं तापलेल्या रस्त्याने चालून मग पायऱ्या चढतात. कातडी चटका बसेल इतकी तापली आहे, बोलणं असंबद्ध आहे आणि संबळ थांबूनही फरक पडत नाही, तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, लगेच रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. जिभेच्या कडेला चावा, कपड्यात लघवी आणि नंतर बराच वेळ गुंगी असेल तर फिटचा विचार करावा. संचारात माणूस बहुधा हात धरणारे असतील तिथेच पडतो, आणि ओटी भरली, आरती झाली की उतरतो. मावशींना हे नेहमीचं असलं तरी एकदा तपासून घ्या.

मठगल्ली: वैद्यकीय कळलं. पण 'खरं मानायचं का' हा प्रश्न तसाच राहिला. ठरलेल्या जागी येणारं रडू मला तरी सवयीचंच वाटतं.

गोदाकाठ: सवयीचं आहे म्हणून खोटं ठरत नाही. मार्सेल मॉस यांनी 1921 साली ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूविधींवर लिहिताना हेच पकडलं. कोणी, कधी, किती वेळ रडायचं हे तिथे ठरलेलं असतं, तरी दुःख नाटकी नसतं. आपल्याकडे मुलीच्या पाठवणीला आई रडते, तिथे वेळ ठरलेली असली तरी कोणी शंका घेत नाही.

मात्र तुमची शंका परंपरेतही आहे. सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी अश्रू, रोमांच, कंप अशा आठ सात्त्विक भावांची चाळणी केली. ज्याचं मन मुळातच निसरडं आहे, किंवा ज्याने रडण्याचा सराव केला आहे, त्याचे अश्रू त्यांनी खऱ्या भावात धरले नाहीत. पायऱ्याही लावल्या. एखाददुसरा भाव, तोही लपवता येण्याजोगा, तो नुसता धुमसणारा. दोन-तीन एकदम आले आणि मुश्किलीने लपले तर पेटलेला. ही चाळणी गौडीय वैष्णवांची आहे, वारकऱ्यांवर जशीच्या तशी लावू नये. पण लपवता येतं का, ही खूण मला लाखमोलाची वाटते.

मठगल्ली: म्हणजे सराव केलेल्याचं रडू त्यांनीच बाद केलं. वीस वर्षं पसायदान म्हणणाऱ्याचा तो सराव नाही तर काय?

गोदाकाठ: रडण्याचा सराव वेगळा आणि नामाचा वेगळा, असं मी धरतो. पण रेघ नेमकी कुठे ओढायची यावर तुमचा आक्षेप रास्त आहे.

सिन्नरफाटा: एकट्याच्या डोळ्यांवरच चर्चा अडकली आहे. एमिल दुर्खेम यांनी 1912 मध्ये मांडलं की माणसं एकत्र जमली की एक उकळी तयार होते आणि तीच देवाची शक्ती म्हणून अनुभवाला येते. निवृत्तिनाथांच्या वारीत दातलीच्या रिंगणात अश्व सुटला की सगळा रिंगण एका सुरात ओरडतो, टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात. तिथे कोण निसरडा आणि कोण घट्ट?

गोदाकाठ: सगळा रिंगण म्हणता, तिथेच दुर्खेम कमी पडतात. स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके गावात निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी आहे. तिथे हृदयाचे ठोके मोजले आणि 2011 मध्ये निष्कर्ष छापले. चालणाऱ्याचे आणि कडेला बसलेल्या त्याच्या नातलगांचे, मित्रांचे ठोके बरोबरीने चढ-उतार करत होते. बाहेरून बघायला आलेल्यांचे नाही. गर्दी तीच, आग तीच, फरक फक्त नात्याचा. दातलीतही निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून चालत आलेला आणि गाडीतून रिंगण बघायला उतरलेला असे दोघे शेजारी उभे असतात. एकाच टापांच्या आवाजावर दोघांचं अंग सारखं हलेल असं मला वाटत नाही.

सातपूरकर: मग पावलीतही मोजून बघू. गजर चढताना, थांबल्यावर आणि पसायदानात. टाळकऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकत्र आले आणि कडेच्या अनोळखी माणसांचेही आले, तर लय जिंकली. फक्त टाळकऱ्यांचे आले तरी अडचण उरते. ते उड्याच मारत असतात, मग ठोके चढले ते कष्टाने की भावाने?

टाळकरी_नाशिकरोड: आमच्यात दोन वयस्कर माणसं आहेत, गुडघ्यांमुळे बसूनच टाळ वाजवतात. उडी नाही, पण नाम तेच. पसायदानाला त्यांचेही डोळे भरतात.

सातपूरकर: तसं असेल तर मोजायला तीच दोघं आधी घ्यावी लागतील.