नवा मुद्दा सापडला म्हणून दुसरी रिट? नवाब हुसेनचे काय झाले ते आधी वाचा

रिटवाला (मूळ पोस्ट): दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४१ च्या स्पष्टीकरणाने घटनेच्या अनुच्छेद २२६ खालची, म्हणजे उच्च न्यायालयातल्या रिटची, कार्यवाही संहितेबाहेर ठेवलेली आहे, म्हणजे एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा चालवायला मनाई करणारे कलम ११ सुद्धा रिटला लागत नाही. बडतर्फीविरुद्धची पहिली याचिका फेटाळली गेली आणि नंतर नवा मुद्दा सापडला, तर बिनधास्त दुसरी टाकावी. ही मनाई, म्हणजेच रेस ज्युडिकाटा, हा सरकारी वकिलांनी उभा केलेला बागुलबुवा आहे.

जुनी बार रूम: ‘बिनधास्त’ हा शब्द वाचल्यावर गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो. स्पष्टीकरण १९७६ च्या दुरुस्तीने आले हे खरे. परंतु रिटमधला रेस ज्युडिकाटा कलम ११ च्या खुंटीला कधी टांगलेलाच नव्हता. दर्याव प्रकरणात घटनापीठाने १९६१ सालीच सांगितले की, उच्च न्यायालयाने गुणावगुणांवर याचिका फेटाळली असेल तर त्याच मागणीसाठी अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात येता येणार नाही, आणि त्याचा आधार संहिता नसून सार्वजनिक धोरण आहे. वादाला कुठेतरी शेवट असावा आणि एकाच कारणासाठी कोणाला दोनदा खेचले जाऊ नये, एवढ्यावर तो निकाल उभा आहे. तेव्हा खुंटी काढली तरी अंगरखा खाली पडत नाही.

आता तुमच्या ‘नव्या मुद्द्या’कडे येतो. नवाब हुसेन हे उत्तर प्रदेशातले पोलीस उपनिरीक्षक होते आणि १९५४ मध्ये उपमहानिरीक्षकांनी त्यांना बडतर्फ केले. त्यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात रिट केली आणि म्हणणे मांडले की, बचावाची वाजवी संधी मिळाली नाही आणि कारवाई आकसाने झाली. ती रिट १९५९ मध्ये फेटाळली गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी दिवाणी दावा लावला आणि त्यात असा मुद्दा आणला की, माझी नेमणूक महानिरीक्षकांनी केली होती, म्हणून त्यांच्या हाताखालच्या उपमहानिरीक्षकांना मला बडतर्फ करता येत नाही. अनुच्छेद ३११ (१) च्या दृष्टीने तो मुद्दा अगदी वजनदार होता, आणि उच्च न्यायालयाने दुसऱ्या अपिलात तो मान्यही केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो निकाल फिरवला, कारण नेमणूक कोणी केली हे त्यांना पहिल्या रिटच्या वेळीच ठाऊक होते आणि तो मुद्दा तेव्हाच घेता आला असता. जे मांडता येत होते आणि मांडायला हवे होते, ते मांडून निकाल लागला आहे असेच धरले जाते. त्या माणसाची बाजू कदाचित खरी होती. तरीही तो हरला.

अर्धविराम: वकीलसाहेब, आपला अभ्यास दांडगा आहे यात शंका नाही, पण आपण सोयीचे तेवढेच सांगितले. मथुराप्रसाद विरुद्ध दोसीबाई या १९७० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे की, अधिकारितेच्या शुद्ध कायदेशीर प्रश्नावर चुकीचा निर्णय झाला असेल तर तो पुढे आड येत नाही. तिथे बोरिवलीच्या मोकळ्या जमिनीच्या भाडेपट्ट्याचा वाद होता. भाडेनियंत्रण कायदा अशा जमिनीला लागत नाही असे आधी ठरले होते, आणि तरीही प्रमाणित भाड्याचा दुसरा अर्ज चालला. मग बडतर्फ करणाऱ्याला अधिकारच नव्हता, हा अधिकारितेचा प्रश्न नव्हे काय? नवाब हुसेन चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो प्रत्येक ठिकाणी चालवता येत नाही, एवढेच म्हणतो.

जुनी बार रूम: मुद्दा चांगला आहे आणि बरेच जण इथेच घसरतात. मथुराप्रसादमधली अधिकारिता ही निवाडा करणाऱ्या न्यायालयाची आहे. स्वतःला अधिकार आहे की नाही याविषयी न्यायालयाने कायदा चुकीचा वाचला, तर त्या चुकीने कायद्यात नसलेली अधिकारिता निर्माण होऊ नये, किंवा असलेली कायमची नाहीशी होऊ नये, असा त्याचा रोख आहे. नवाब हुसेनच्या खटल्यात पहिल्या रिटचा निकाल देणाऱ्या उच्च न्यायालयाच्या अधिकाराबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. अधिकार नसल्याचा आरोप पोलीस अधिकाऱ्यावर होता. शिवाय नेमणूक नेमकी कोणी केली होती, हा आधी वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, त्याला शुद्ध कायद्याचा प्रश्न म्हणता येत नाही. तिसरी गोष्ट अशी की, वादकारण तेच असेल तर कायद्यावरचा चुकीचा निर्णयसुद्धा त्या पक्षकारांना बांधतो. वादकारण बदलले, कायदा बदलला, किंवा कायद्याने ज्याला मनाई केली आहे तेच निर्णयामुळे वैध ठरत असेल, तर गोष्ट वेगळी.

अर्धविराम: ‘पोलीस अधिकाऱ्याचा अधिकार’ आणि ‘न्यायालयाचा अधिकार’ हा फरक वाचायला सोपा आहे. पण निवाडा करणारे न्यायाधिकरणच असेल आणि त्याच्याच मूळ आदेशाला आव्हान असेल, तेव्हा ही रेघ नेमकी कुठे ओढायची ते आपण सांगितले नाही.

जुनी बार रूम: त्या बाबतीत रेघ पुसट आहे, हे मान्य करतो.

बडतर्फ आणि जिद्दी: आपण दोघे मोठमोठ्या निकालांवर बोलता आहात, माझे साधे प्रकरण ऐका. मी एका महामंडळात होतो. मला काढल्यावर याचिका केली. पहिल्याच सुनावणीत न्यायमूर्तींनी दोन प्रश्न विचारले, माझे वकील बाजूला वळून काहीतरी पुटपुटले आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन मला म्हणाले, “याचिका मागे घेतली, आता नव्याने नीट करू.” आदेशात एवढेच आहे की, याचिका मागे घेण्यात आल्यामुळे निकाली काढण्यात येते. दुसरी याचिका केली तेव्हा समोरच्या वकिलांनी तेच एक पान पुढे केले आणि माझी फाईल तिथेच बंद झाली. कोणीही माझे म्हणणे ऐकलेले नसताना रेस ज्युडिकाटा कसा लागतो, हे मला कोणी सांगेल काय?

रिटवाला: पाहा! दर्यावमध्येच म्हटले आहे की, मागे घेतलेल्या याचिकेत गुणावगुणांवर निर्णय नसतो, म्हणून ती आड येत नाही. दादा, तुमच्यावर चक्क अन्याय झाला आहे.

जुनी बार रूम: रिटवाले, दर्यावच्या पुढचे एक पान वाचायचे राहिले आपले. जिद्दी, तुमच्या बाबतीत रेस ज्युडिकाटा लागतच नाही. तुम्हाला आडवा आला तो सरगुजा ट्रान्सपोर्टचा १९८७ चा निकाल. दुसरी याचिका करण्याची मुभा न घेता रिट मागे घेतली, तर त्याच विषयावर पुन्हा २२६ खाली येता येत नाही. न्यायालयाने तिथे स्पष्ट लिहिले आहे की, ही बंदी रेस ज्युडिकाटामुळे नसून सार्वजनिक धोरणामुळे आहे, कारण एका खंडपीठाचा कल पाहून माघार घ्यायची आणि नंतर दुसऱ्यापुढे जायचे, हा खेळ थांबवायचा होता. आदेशात मुभेचे चार शब्द असते तर तुमची दुसरी याचिका या कारणाने अडली नसती.

पोटनियम: आता खरा विषय निघाला. माझ्या बहिणीच्या याचिकेतही हेच घडले. मुभा मागायला अर्धे मिनिट लागते, तरीही ती मागितली जात नाही, आणि पक्षकाराला कळते ते वर्षभराने. मराठीत सही घेताना ‘मागे घेत आहोत’ याचा अर्थ कोणी समजावून सांगत नाही. आपली बार रूम यावर का बोलत नाही?

जुनी बार रूम: ताई, बोलतो. समोरून “फेटाळू का?” असा प्रश्न आला की घाईत “मागे घेतो” असे तोंडातून निघून जाते, हे मी स्वतः पाहिले आहे आणि एकदा केलेही आहे. मुभा तोंडी मागितली होती पण आदेशात उतरली नाही, असे असेल तर मुंबईत लगेच स्पीकिंग टू द मिनिट्ससाठी, म्हणजे आदेशाच्या नोंदीतली चूक सुधारून घेण्यासाठी, प्रिसाइप हा छोटा अर्ज देऊन दुरुस्ती मागता येते. मागितलीच नव्हती, तर मात्र तो मार्ग नाही. तेव्हा पुनर्विलोकनाचा अर्ज करून नशीब अजमावावे लागते.

पोटनियम: “एकदा केलेही आहे” हे वाक्य आपल्या त्या पक्षकाराने वाचले आहे का?

जुनी बार रूम: वाचले आहे. त्यांच्यापुढे दिवाणी दाव्याचा मार्ग होता आणि मुदत शिल्लक होती. माझ्या शहाणपणाने ते बचावले असे मी म्हणत नाही.

माजी आस्थापना लिपिक: ही सगळी बंधने कर्मचाऱ्यालाच का? आमच्या कार्यालयात एका शिपायावर एकाच आरोपासाठी दोनदा खातेनिहाय चौकशी झाली. पहिल्या चौकशी अधिकाऱ्याने त्याला निर्दोष ठरवले, साहेबांना ते रुचले नाही, आणि दुसरा अधिकारी नेमला. एकदा ठरलेला मुद्दा पुन्हा उघडू नये, हा तुमचा इश्यू एस्टॉपेल तेव्हा कुठे गेला होता?

अर्धविराम: इश्यू एस्टॉपेल चौकशीला लागत नसतो, तो न्यायालयांपुरता आहे.

जुनी बार रूम: असे सरसकट म्हणू नका. होप प्लांटेशन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जमीन सुधारणेच्या कार्यवाहीतसुद्धा हे तत्त्व मान्य केले. एकदा अंतिम झालेला मुद्दा, कायद्याने पुन्हा उघडण्याची सोय दिली नसेल तर, त्याच पक्षकारांत पुन्हा उघडत नाहीत. मात्र लिपिकसाहेब, आपल्या शिपायाच्या बाबतीत त्याहून जवळचा आधार आहे. के. आर. देब यांच्या १९७१ च्या निकालात उत्पादन शुल्क खात्यातल्या माणसावर अशाच चौकशांवर चौकशा झाल्या होत्या. न्यायालयाने म्हटले की, नियमांत एकच चौकशी आहे. पहिल्या चौकशीत गंभीर दोष राहिला असेल तर पुढची चौकशी करता येईल, पण अहवाल पसंत पडला नाही म्हणून नव्याने करता येणार नाही. तेथे आधार एस्टॉपेलचा नव्हता, सेवा नियमांचा होता. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा: शिक्षा निव्वळ प्रक्रियेतल्या दोषामुळे रद्द झाली असेल, उदाहरणार्थ अहवालाची प्रत दिली नाही म्हणून, तर त्या टप्प्यापासून चौकशी पुन्हा चालवता येते, कारण आरोप खरा की खोटा हे न्यायालयाने ठरवलेलेच नसते.

माजी आस्थापना लिपिक: म्हणजे आमच्या शिपायाने रिट करायला हवी होती. त्याला हे तेव्हा कोणीच सांगितले नाही, मीसुद्धा नाही.

रिटवाला: ठीक आहे, ‘बिनधास्त’ हा शब्द मागे घेतो, परंतु पुन्हा लिहिण्याची मुभा राखून, नाहीतर वकीलसाहेब सरगुजा काढतील. तरीही एक सांगतो. पहिल्या याचिकेवर “फेटाळली” एवढ्या एकाच शब्दाचा आदेश असेल, किंवा पर्यायी मार्ग आहे म्हणून ती परत पाठवली असेल, तर माझे म्हणणे बरोबरच ठरते.

जुनी बार रूम: पर्यायी मार्गामुळे किंवा विलंबामुळे फेटाळली असेल, तर रेस ज्युडिकाटा नाही, इथपर्यंत आपले एकमत. एका शब्दाच्या आदेशावर दर्याव म्हणतो की, कारणेच दिलेली नसतील तर ३२ खाली येण्याला आडकाठी नाही. पण त्याच उच्च न्यायालयात त्याच कारणासाठी परत जाणे ही निराळी गोष्ट आहे. तिथे न्यायालय पहिला प्रश्न विचारते की, आधीच्या वेळी सांगितले नाही असे काय घेऊन आलात? त्याला चांगले उत्तर नसेल तर मी पक्षकाराकडून त्या कामाची फी घेत नाही.

बडतर्फ आणि जिद्दी: माझ्या आदेशावर रेस ज्युडिकाटा नाही, रिट बंद आहे, आणि वकीलसाहेबांच्या त्या पक्षकाराप्रमाणे माझ्यापुढे दावा उघडा दिसतो. मला काढून दोन वर्षे आठ महिने झाले. मुदत तीन वर्षांचीच ना? आणि रिटमध्ये गेलेला काळ वजा होईल का?

जुनी बार रूम: घोषणेच्या दाव्याला तीन वर्षे. काळ वजा होईल यावर विसंबू नका. मुदत कायद्याच्या कलम १४ साठी आधीची कार्यवाही अधिकारिता नसल्यामुळे किंवा तशाच कारणाने निष्फळ ठरायला हवी, आणि स्वतःहून मागे घेतलेली याचिका त्यात बसवणे कठीण आहे. चार महिने हातात आहेत असे धरून या आठवड्यातच दाव्याचा मसुदा करा. आणि त्यात जे जे म्हणायचे आहे ते सगळे याच वेळी घाला, नेमणूक कोणी केली होती तेसुद्धा.