बाहेर जाऊन बसणे पुरेसे नाही

«निवड मंडळात स्वतःचे नाव आले तेव्हा साहेब बाहेर गेले होते, मग पक्षपात कसला?»

हाच बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये क्रायपाक खटल्यात फेटाळला. भारतीय वनसेवेच्या निवड मंडळावर जम्मू-काश्मीरचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक सदस्यही होते आणि उमेदवारही, स्वतःच्या नावावेळी ते बसले नाहीत, मात्र प्रतिस्पर्ध्यांची नावे विचारात घेताना आणि क्रम लावताना हजर होते, आणि यादीत त्यांचेच नाव पहिले आले (योगायोगच म्हणायचा!). त्यांनी प्रभाव टाकला नाही, असे इतर सदस्यांनी शपथेवर सांगूनही न्यायालयाने पक्षपाताची वाजवी शक्यता पुरेशी मानली आणि संपूर्ण निवड रद्द केली. म्हणून आजही अशा निवडीबद्दल शंका असेल तर माहिती अधिकारात मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त मागवून, इतरांच्या नावांवेळी साहेब कुठे होते, हे आधी पाहावे.