पार्लरची बिनलेबलची क्रीम: लावणं थांबवलं की बहिणीचा चेहरा पेटतो. सल्ला हवा आहे

पारिजातक
माझी धाकटी बहीण २४ वर्षांची आहे, अमरावतीला असते. लग्न ठरल्यावर पार्लरवाल्या ताईंनी तिला पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीतली क्रीम दिली, ३०० रुपयांना. डबीवर हाताने "नाईट" एवढंच लिहिलेलं आहे. आठ-दहा दिवसांत चेहरा असा उजळला की घरात सगळे विचारायला लागले. आता पाच महिने झाले. गॅसजवळ उभी राहिली की गाल लालबुंद होतात, नाकाच्या कडेला बारीक लाल रेषा दिसतात आणि हनुवटीवर लव वाढली आहे.
मी तीन दिवस क्रीम बंद करायला लावली. चेहरा सुजला, आग आग व्हायला लागली, एकसारखे बारीक पुरळ उठले. रात्री तिने परत लावली आणि सकाळपर्यंत सगळं शांत. आता ती म्हणते, "बघ, क्रीमनेच बरं वाटतं, दोष माझ्या त्वचेतच आहे." तिला कसं समजावू? घरी काही करता येईल का?

सांजवात
यात स्टिरॉइड आहे, शंभर टक्के. आजच्या आज बंद करा आणि कोरफडीचा गर, हळद, बेसन लावा. पाराही असू शकतो. क्रीम सोन्याच्या अंगठीवर घासून बघा. काळी पडली तर पारा, नाही पडली तर चिंता नको.

त्वचा_ओपीडी
पारिजातक, मी नागपूरला त्वचाविकार विभागात काम करते. असे चेहरे आठवड्यातून चार-पाच तरी बघते.
सांजवात यांचा स्टिरॉइडचा अंदाज मलाही बरोबर वाटतो, पण सध्या या चेहऱ्यावर हळद-बेसन नको. ही त्वचा आता इतकी पातळ झाली असेल की साधा फेसवॉशही झोंबेल.
बहिणीला असं सांगून बघा. स्टिरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रंगद्रव्य कमी तयार होतं, म्हणून चेहरा झटकन फिका दिसतो. जुने मुरूम आणि लालीही दबते. पण महिनोन्महिने लावल्यावर त्वचा विरते आणि त्या रक्तवाहिन्यांना आकसून राहायची सवय होते. क्रीम थांबली की त्या एकदम फुगतात. आग, सूज, पुरळ हे त्याचंच. परत लावलं की पुन्हा आकसतात आणि वाटतं, औषध लागू पडलं. म्हणजे तुमच्या तीन दिवसांत दिसलं ते तिच्या मूळ त्वचेचं रूप नव्हतं, क्रीमची सवय लागल्याची खूण होती. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली याच फेऱ्यात दोन-दोन वर्षं अडकलेल्या असतात.
अंगठीच्या प्रयोगावर विसंबू नका. क्रीममध्ये पारा क्षारांच्या रूपात असतो, तो सोन्यावर डाग पाडेलच असं नाही. अंगठी स्वच्छ राहिली म्हणून डबी निर्दोष ठरत नाही. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते.

औषधी_दुकान
माझं अकोल्याला मेडिकल आहे. डबीच कशाला, दुकानात मिळणाऱ्या ट्यूबनेही हेच होतं. मोमेटासोन, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन अशी तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब वांगासाठी डॉक्टर थोडे आठवडे देतात. लोक तिचं रिकामं खोकं जपून ठेवतात आणि वर्षभर तीच मागतात. २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी गिऱ्हाईक भांडतं, "क्रीमला कसली चिठ्ठी?" ट्यूबवर लाल उभी रेघ असेल किंवा बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं नाव दिसलं तर ते औषध आहे, गोरं व्हायची क्रीम नाही. आणि डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक यातलं काहीच नसेल तर ती घरात आणूच नये.

गुलबक्षी२२
माझ्या काखेत काळेपणा आहे, वजनही वाढलंय. यातली कुठली क्रीम चालेल? स्टिरॉइड नसलेली सांगा.

त्वचा_ओपीडी
गुलबक्षी, इथे चालणाऱ्या क्रीमची चर्चा नाही. काख आणि मान मखमलीसारखी काळी झाली असेल तर आधी साखर तपासून घ्या. बऱ्याचदा कारण रक्तात असतं.

कडुनिंब
मी सहसा लिहीत नाही, पण हे लिहायलाच हवं. माझ्या आईचे पाय सुजायला लागले. आम्ही म्हटलं वय झालं. मग लघवीला फेस यायला लागला, फ्लश केल्यावरही तो जाईना. तपासणीत लघवीतून खूप प्रथिनं जात होती. तीन डॉक्टर झाले. चौथ्यांनी विचारलं, "चेहऱ्याला काय लावता?" नात्यातल्या कुणीतरी आखातातून आणलेली डबी होती, त्यावर "दागिने काढून लावा" अशी सूचना. लघवीत पारा निघाला. क्रीम बंद केल्यावर काही महिन्यांनी प्रथिनं कमी झाली, पण अजून पूर्ण थांबलेली नाहीत.
वर्षभर आईच्या चेहऱ्याला काहीच झालं नव्हतं, चेहरा छान होता. म्हणूनच कुणाला संशय आला नाही.

त्वचा_ओपीडी
कडुनिंब, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, मूत्रपिंडाच्या आजाराने त्रस्त असल्याची बातमी आली होती, ती इथे अनेकांनी वाचली असेल. क्रीम स्थानिक पार्लरमधली होती आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत तिच्यात पारा निघाला. सौंदर्यप्रसाधनात चुकून आलेला पाराही दशलक्ष भागांत एकच भाग चालतो, त्यात त्याच्या कितीतरी पट होता. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनाही असेच रुग्ण सापडले.
पारा मेलॅनिन तयार करणारं विकर अडवतो, म्हणून रंग उतरतो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. हात थरथरणं, झोप उडणं, मुंग्या येणं हेही होतं. टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यातून तो घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतो. उजेडात ठेवल्यावर क्रीम करडी पडत असेल तर संशय घ्या. नाही पडली तरी निर्धास्त होऊ नका.

सांजवात
अंगठीबद्दल माझं चुकलं. पण मग सांगा, स्टिरॉइड एकदम बंद करू नये म्हणतात आणि पारा तर लगेच बंद करायला हवा. डबीत काय आहे हेच माहीत नसेल तर?

त्वचा_ओपीडी
प्रश्न अगदी बरोबर आहे आणि यावर आमच्यातही एकमत नाही. मी स्वतः बिनलेबलची डबी त्याच दिवशी बंद करायला सांगते. चेहरा फारच भडकला तर ठरावीक दिवसांसाठी सौम्य स्टिरॉइड देऊन ते हळूहळू उतरवते. माझे काही सहकारी तेही देत नाहीत, थेट टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेलं मलम आणि पोटातून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. पण त्याच डबीतलं "थोडं थोडं कमी करत" लावणं कुणीच सुचवणार नाही, कारण त्यात किती काय आहे तेच ठाऊक नाही.
पारिजातक, डबी फेकू नका. झाकण घट्ट लावून पिशवीत बंद करा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. लघवीची साधी तपासणी याच आठवड्यात करून घ्या. तोवर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, उन्हात ओढणी आणि गार पाण्याच्या पट्ट्या. ब्लीच, फेशियल, थ्रेडिंग काही नाही. पहिले दोन-तीन आठवडे अवघड जातील, नीट व्हायला काही महिने लागतील. लव कमी होते, लाल रेषा मात्र थोड्या राहू शकतात.

पारिजातक
काल तिला घेऊन मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत गेले. लघवीत प्रथिनं नाहीत, पाऱ्याचा अहवाल यायचा आहे. डॉक्टरांनी डबी ठेवून घेतली. आज चेहरा फार लाल आहे, तिने आरसा कपड्याने झाकून ठेवलाय. पण क्रीम मागितली नाही.
पार्लरवाल्या ताईंना भेटले. त्या स्वतः तीच क्रीम लावतात, त्यांच्याही गालावर त्याच लाल रेषा आहेत. कुठून आणतात ते मात्र सांगत नाहीत. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी असं मला वाटतं, आई नको म्हणते, गाव एकच आहे.

कडुनिंब
तक्रारीचं तुम्ही ठरवा. पण त्या ताईंना लघवी तपासायला सांगा, आजच.