गच्चीच्या गळतीची मेल: इंजिनिअर साहेबांना पाठवण्याआधी

सचिव, ए-१०१: गच्चीच्या गळतीची जानेवारीपासूनची सगळी मेल इंजिनिअर साहेबांना फॉरवर्ड करतोय. वर "कृपया वाचून मत द्या" एवढं लिहितो.

काकू, बी-३०२: अण्णा, थोडं थांबा. साखळी मी आत्ता उघडून बघितली. नवी मेल वर, जुनी तळाला, आणि प्रत्येकीखाली ठेकेदाराची तीच लांबलचक सही. जीमेल १०२ केबीच्या पुढची मेल कापून दाखवतं. उरलेली बघायला खालची लिंक दाबावी लागते. गळती कुठून सुरू झाली ते तळाच्याच मेलमध्ये आहे, नेमकं तेच दिसायचं राहील.

सी-२०१: मग वर चार ओळी लिहा की, खाली साखळी राहू द्या.

काकू, बी-३०२: साखळी पूर्ण नाहीच ना दादा. तुम्ही एप्रिलमध्ये पहिल्या मेलला उत्तर दिलं होतं, शेवटच्या मेलला नाही. शेवटची फॉरवर्ड केली तर तिच्या पोटात तुमचं उत्तर नसेल. आणि "बीम ओला आहे" हे फक्त तुम्हीच लिहिलंय. ते साहेबांना कळायलाच हवं.

सी-२०१: हे लक्षात नव्हतं आलं काकू.

काकू, बी-३०२: म्हणून मी नवी मेल लिहिली. विषयात Fwd: Re: Re: काही नाही. बघा:

*विषय: गच्ची, जुना कोबा काढावा का? २० मेपर्यंत मत हवं*

*साहेब, जुना कोबा काढायचा की त्यावरच वॉटरप्रूफिंगचा थर द्यायचा, एवढं सांगा. गळती सी विंगच्या दोन फ्लॅटमध्ये, जिन्याकडच्या कोपऱ्यात आहे. बीमही ओला आहे (सी-२०१ यांची एप्रिलची मेल). पहिला ठेकेदार वरून थर देतो म्हणतो: १,८०,००० रुपये. दुसरा कोबा काढायलाच सांगतो: ३,१०,००० रुपये. समितीने अजून काही ठरवलेलं नाही. दोन्ही कोटेशन आणि फोटो जोडले आहेत.*

सचिव, ए-१०१: पहिल्याचं कोटेशन १,६०,००० होतं ना?

काकू, बी-३०२: ते फेब्रुवारीतलं. मार्चच्या मेलमध्ये त्यांनी वाढवलं. मी शेवटचा आकडा घेतलाय. आणि कोटेशन मुद्दाम पुन्हा जोडलीत, कारण उत्तर देताना आधीच्या मेलची जोडपत्रं गळून पडतात. नुसती शेवटची मेल पाठवली असती तर पीडीएफ गेलीच नसती.

ए-४०३: मूळ मेल पुरावा म्हणून नको का?

काकू, बी-३०२: हवी की. अण्णांनी कॉम्प्युटरवर Print all करून पीडीएफ काढून ठेवावी. पुन्हापुन्हा येणारा मजकूर त्यात आपोआप लपतो. साहेबांनी मागितली तरच पाठवू, कारण त्यात सगळ्यांचे ईमेल पत्ते आणि देणी थकल्याची चर्चा आहे. एखादी मेल पाठवायची झाली तर पूर्ण पाठवा किंवा पूर्ण वगळा, आतली वाक्यं मात्र खोडू नका. नाहीतर उद्या ठेकेदार म्हणेल, मी असं लिहिलंच नव्हतं.

सचिव, ए-१०१: बरोबर. मार्चची दराची मेल उघडून आकडा जुळवतो आणि तुमचीच पाठवतो. सी-२०१, बीमचा फोटो आज द्या.

सी-२०१: संध्याकाळी काढून पाठवतो अण्णा.